विश्लेषण : ‘बेटा, फक्त एक अक्षर बदल’... स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, ज्येष्ठ ग्राहक आणि तरुण अभियंता

उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये १५ मे २०२१ रोजी मोहिनी पॅलेस या इमारतीचा स्लॅब कोसळला आणि रहिवाशांचे जीव गेले. दोन आठवडे होतात न होतात तोच, २८ मे रोजी कॅम्प २ च्या नेहरू चौक भागात तशीच दुर्घटना झाली. पावसाळा सुरू होण्याआधीच घडलेल्या या दोन घटनांनंतर महापालिकेने जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटच्या नोटिसा धाडल्या. शहरात एका वेगळ्याच व्यवहाराला तेव्हापासून जोर आला. एका बाजूला पंचविशी-तिशीतला अभियंता किंवा अभियंती, दुसऱ्या बाजूला सत्तरीतले सोसायटीचे चेअरमन, बहुधा व्यापारी, बहुधा त्याच इमारतीत चार गाळ्यांचे मालक. फी ठरते, चहा येतो, आणि अहवाल तयार व्हायच्या सुमारास मूळ मुद्दा बाहेर पडतो. तो मुद्दा काय असतो आणि तरुण अभियंत्याने तिथे नेमके काय करायचे, याचा हा आढावा.

ऑडिट कोणासाठी बंधनकारक?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार इमारतीला ३० वर्षे झाली की मालकाने किंवा सोसायटीने महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून स्थैर्याचा दाखला सादर करायचा असतो. ही वर्षे फक्त पूर्णत्वाच्या दाखल्यापासून मोजली जात नाहीत. इमारतीचा निम्मा भाग प्रत्यक्ष वापरात आला असेल तर तिथपासूनही ती मोजली जातात. उल्हासनगरात ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण इथल्या कित्येक इमारतींच्या फायलीत पूर्णत्वाचा दाखलाच नाही. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा २००६ मध्ये करावा लागला होता, यावरून परिस्थितीचा अंदाज यावा. शिवाय नव्वदच्या दशकातल्या इमारतींमध्ये वापरलेल्या रेतीबद्दल शहरात आजही दबक्या आवाजात बोलले जाते.

अहवालाच्या शेवटी अभियंता इमारतीला एक वर्ग देतो. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे माणसे आत राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सगळी रस्सीखेच मधल्या दोन वर्गांत होते. कागदावर ‘ए’ आणि ‘बी’ एवढाच फरक दिसतो. चेअरमनच्या हिशेबात मात्र तो वीस कुटुंबांचे स्थलांतर, बंद पडणारी दुकाने आणि थांबणारे भाडे यांचा असतो.

फी कमी करा, असे म्हटले तर?

एक व्यवहार उदाहरण म्हणून घेऊ. तो कोणा एका इमारतीचा नाही आणि त्यातले आकडे समजण्यापुरते आहेत. कॅम्प १ मधली तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, वीस फ्लॅट, खाली सहा दुकाने, बांधकाम १९९५ चे. अभियंती २९ वर्षांची, महापालिकेच्या यादीवर दोन वर्षांपूर्वी आलेली. चेअरमन ७४ वर्षांचे, सिंधी, कपड्याचा जुना व्यापार असलेले. ती त्यांना ‘दादा’ म्हणते. मराठी कानाला दादा म्हणजे थोरला भाऊ. सिंधी घरात मात्र वडीलधाऱ्या माणसाला आदराने दादा म्हणतात. उल्हासनगरात काम करणाऱ्याने हा फरक पहिल्याच महिन्यात शिकलेला बरा. ते तिला ‘बेटा’ म्हणतात आणि त्यात खोटे काही नसते.

तिने फी सांगितली ६० हजार. प्रयोगशाळेचा खर्च वेगळा, पावतीप्रमाणे. दादा म्हणाले, “बेटा, स्टेशनजवळचा तो माणूस पंचवीस हजारांत करून देतो. कोअर-बिअर काही काढत नाही. माझ्या नातीच्या वयाची आहेस तू, तुझ्याशी काय भाव करायचा? पस्तीस घे.”

इथे बरीच तरुण मंडळी दोनपैकी एक चूक करतात. काही जण वयाचा मान म्हणून पस्तीसवर येतात आणि मग खर्च भरून काढायला तपासणीच्या जागा कमी करतात. काही जण ‘फिक्स रेट आहे’ म्हणून विषय संपवतात. ज्याने पन्नास वर्षे दुकानात बसून भाव केले, त्याच्याशी भाव करायलाच नकार देणे त्याला अपमानासारखे वाटते. या अभियंतीने तिसरा रस्ता घेतला. “दादा, कमी करते, पण कामही कमी होईल. या साठ हजारांत दुरुस्तीचं मोजमापाचं पत्रक आणि खर्चाचा अंदाज धरलाय. तो आत्ता नको असेल तर अठ्ठेचाळीस होतात. पुढे दुरुस्ती काढाल तेव्हा तो वेगळा करू. कॉलमच्या तपासण्या मात्र जेवढ्या लिहिल्यात तेवढ्याच राहतील.”

फी कमी करायची तर कामाचा एखादा पूर्ण तुकडा बाजूला काढून करायची, तपासणी पातळ करून नाही. मोजमापाचे पत्रक मागाहून करता येते, त्याविना कोणाच्या जिवाला धोका नाही. कॉलममधून काढायचे काँक्रीटचे नमुने, म्हणजे कोअर, मात्र तीनच्या खाली आणता येत नाहीत, कारण आयएस ४५६ या भारतीय मानकाने किमान तीन सांगितले आहेत. पंचवीस हजारांत होणारे ऑडिट म्हणजे बहुतेक वेळा इमारतीला एक फेरी, भिंतींचे फोटो आणि एक तयार मसुदा. दादांनाही हे ठाऊक असते. म्हणूनच ते तिच्याकडे आलेले असतात.

पैसे कधी घ्यायचे?

फीच्या रकमेपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. दादांचे म्हणणे होते की निम्मे आत्ता, निम्मे ‘रिपोर्ट पालिकेत पास झाल्यावर’. वरवर पाहता ही मागणी वाजवी वाटते; कपड्याच्या धंद्यात माल पसंत पडल्यावरच पैसे देतात. पण ऑडिटमध्ये याचा अर्थ असा होतो की निष्कर्ष कळतो त्या क्षणी अभियंत्याचे चोवीस हजार रुपये ग्राहकाच्या हातात असतात. मग निष्कर्ष आणि रक्कम यांची सांगड कोणी घालायला नको, ती आपोआप पडते.

म्हणून तिने हप्ते असे लावले : ४० टक्के काम सुरू करताना, ४० टक्के जागेवरच्या तपासण्या संपल्या त्या दिवशी, आणि उरलेले २० टक्के सहीचा अहवाल हातात देताना, अहवाल उघडण्यापूर्वी. निष्कर्ष ठरायच्या आत बहुतेक रक्कम आलेली असते आणि उरलेल्या रकमेचा निष्कर्षाशी संबंध नसतो. तिच्या पत्रातले वाक्य असे होते : ‘फी तपासणी आणि मताची आहे, विशिष्ट मताची नाही. इमारतीचा वर्ग कोणताही आला तरी फी तीच राहील.’

त्याच पत्रात आणखी तीन अटी होत्या. पहिली, अहवालाचा कच्चा मसुदा सोसायटीला सात दिवसांसाठी मिळेल, पण त्यात फक्त तथ्यांच्या चुका सुचवता येतील : फ्लॅटचा क्रमांक, बांधकामाचे वर्ष, पूर्वी केलेल्या दुरुस्तीची तारीख. दुसरी, अहवाल सहीनिशी पीडीएफमध्येच मिळेल. तिसरी, तपासणी सुरू असताना तातडीचा धोका दिसला तर त्याच दिवशी सोसायटी आणि महापालिका दोघांनाही लेखी कळवण्याची अभियंतीला मोकळीक राहील. तिसऱ्या अटीवर दादा थबकले. “पालिकेला का? मला सांग, मी बघतो.” तिने उत्तर दिले, “तुम्हाला आधी सांगेन, दादा. फोन तुम्हालाच पहिला येईल. पण पत्र दोघांना जाईल.” त्यांनी सही केली. ही अट काम सुरू होण्याआधी मांडली म्हणून ती अट राहिली. कॉलमला तडा दिसल्यावर हेच शब्द उच्चारले असते तर ती धमकी झाली असती.

प्रत्यक्ष तपासणीत काय सापडले?

तळमजल्यावर चोवीस कॉलम होते. हातोडीच्या ठोक्याने पोकळ आवाज ऐकणे, रिबाउंड हॅमर, काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजणे ही नेहमीची कामे झाली. चांगल्या काँक्रीटमधून लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. सात कॉलममध्ये हा वेग तीनच्याही खाली होता. हे सातही कॉलम शौचालयांच्या आणि पाण्याच्या पाइपांच्या रांगेत होते.

मग कॉलमचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडले. काँक्रीट अजून अल्कधर्मी असेल तर ते गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण गेला असेल तर रंग येत नाही. या सात कॉलममध्ये बाहेरून ४५ मिलिमीटरपर्यंत रंग आला नाही आणि सळई होती २५ मिलिमीटरवर. म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारे आवरण कधीच संपले होते. गंजाची शक्यता दाखवणाऱ्या विद्युत चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचे वाचन आले की गंज चढत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. इथे ३८० ते ४२० आले.

कोअर काढताना दादा स्वतः खाली येऊन उभे राहिले. “भोक पाडून बिल्डिंग कमजोर करतेस की काय?” ही शंका कॅम्पात सर्रास ऐकू येते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सळई शोधून, तिला न कापता, पुरेसे काँक्रीट असलेल्या जागीच कोअर घेतात आणि भोक लगेच न आकसणाऱ्या ग्राउटने बुजवतात. तिने त्यांना सळई शोधणारे यंत्र हातात देऊन भिंतीवरून फिरवायला लावले. तीन कोअरचे निकाल आले ११, १२ आणि १३. इमारत एम-१५ काँक्रीट धरून तपासली तर मानकाप्रमाणे सरासरी १२.७५ च्या खाली जायला नको आणि एकही नमुना ११.२५ च्या खाली जायला नको. सरासरी १२ आली आणि एक नमुना ११ चा. दोन्ही कसोट्या हुकल्या.

कोअरच्या आकड्यांवरूनच वर्ग ठरत नाही. भेगा कुठे आहेत, स्लॅब किती झुकला आहे, वर किती वजन आहे, हे सगळे मिळून अभियंता मत बनवतो. गच्चीवर नंतर बसवलेल्या चार टाक्या आणि दुसऱ्या मजल्यावर काढून टाकलेली एक भिंत यांनी चित्र आणखी बिघडवले. तिचे मत झाले सी-२ए.

‘ए’ चे ‘बी’ का करता येत नाही?

दादा आता ऑफिसात आले नाहीत. त्यांनी तिला घरी बोलावले, सिंधी पापड आणि थादल पुढे ठेवले, आणि म्हणाले, “बेटा, रिपोर्ट उत्तम आहे. सगळं खरं लिहिलंयस. फक्त एक अक्षर बदल. दुरुस्ती तर आम्ही करणारच आहोत ना?”

हा या विषयाचा गाभा आहे, कारण मागणी अप्रामाणिक वाटतच नाही. दुरुस्ती दोन्ही वर्गांत आहे. मग लोकांना बाहेर काढायचे कशाला? याचे उत्तर ‘नियम आहे’ असे देणारा अभियंता हरतो. तिने कारण सांगितले. कॉलमला नवे जॅकेट घालायचे म्हणजे आधी खराब झालेले आवरण फोडून काढायचे, सळई उघडी करायची, गंज साफ करायचा, नव्या सळया बांधायच्या आणि मग काँक्रीट भरायचे. ते काँक्रीट ताकद धरेपर्यंतचे दिवस तो कॉलम आजच्याहूनही कमकुवत असतो. एकच कॉलम असता तर टेकू देऊन, वर माणसे असताना ते जमले असते. इथे एका रांगेतले सात आहेत आणि त्यांच्यावर चार मजले नांदत आहेत. “दादा, इमारत आज पडेल असं मी म्हणत नाही. ती दुरुस्त करताना पडू शकते, असं म्हणते आहे. त्या वेळी वर कोणी असू नये, एवढंच त्या अक्षराचं म्हणणं आहे.”

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खरी भीती बाहेर आली : “एकदा खाली केली की आपण परत येत नाही. आमचं घर एकदा सोडून आलंय.” दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवले गेले आणि त्यातूनच हे शहर उभे राहिले. अशा घरातल्या माणसाला ‘रिकामी करा’ हे दोन शब्द अभियांत्रिकीचे वाटत नाहीत.

या भीतीवर अभियंतीकडे उपाय होता, आणि तो अहवालाला हात न लावता देता येत होता. इमारत रिकामी होण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या ताब्यातले क्षेत्र महापालिकेने मोजून तशी नोंद द्यावी, अशी तजवीज राज्य शासनाने धोकादायक इमारतींबाबत घातलेल्या कार्यपद्धतीत आहे. नंतर हक्क सांगताना हाच कागद उपयोगी पडतो. तिने सोसायटीला तसा अर्ज लिहून दिला, फ्लॅटनिहाय मोजमापाचा तक्ता स्वतः करून दिला आणि त्याचे पैसे लावले नाहीत. शिवाय तिने आणखी तीन गोष्टी देऊ केल्या : सर्वसाधारण सभेत येऊन सगळ्यांसमोर निष्कर्ष समजावणे, सोसायटीने नेमलेल्या दुसऱ्या अभियंत्यासमोर कोणत्याही कॉलमची फेरतपासणी, आणि सोसायटीचा लेखी आक्षेप अहवालाला जसाच्या तसा जोडणे. गच्चीवरच्या टाक्या मात्र त्याच आठवड्यात रिकाम्या कराव्यात आणि सात कॉलमना स्टीलचे टेकू द्यावेत, हे तिने त्याच दिवशी लेखी दिले.

वाकल्यास काय होते?

मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला. त्याआधीच्या ऑडिटमध्ये त्याला किरकोळ दुरुस्तीची गरज असल्याचे म्हटले होते. चार-पाच दिवसांत ऑडिटरला अटक झाली. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही इमारत कोसळली, तेव्हा दाखल गुन्ह्यात बिल्डरसोबत आरसीसी सल्लागार आणि आर्किटेक्टही होते. अशा प्रकरणात कोणत्या ज्येष्ठाने किती प्रेमाने गळ घातली होती, हे तपासात कोणी विचारत नाही. अहवालावर सही एकाचीच असते.

दबाव ओळखण्याच्या काही खुणा या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहेत. अहवाल वर्ड फाइलमध्ये मागितला जातो. ‘लिहिण्याआधी तोंडी सांग’ असा आग्रह होतो. ठरलेला हप्ता विनाकारण अडतो आणि त्याच वेळी पुढच्या तीन इमारतींच्या कामाचा विषय निघतो. व्हॉट्सॲपवर वर्ग कळवणे तर टाळावेच, कारण तो मेसेज तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर ‘मॅडमने बी दिलाय’ असा फिरतो आणि सहीच्या अहवालात ‘ए’ निघाला की फसवल्याचा आरोप अभियंतीवर येतो.

तिचे शेवटचे २० टक्के, म्हणजे नऊ हजार सहाशे रुपये, तेव्हा आलेले नव्हते. मसुदा दिला होता, सहीचा अहवाल नव्हता. अशा थकबाकीसाठी कायद्याचा आधार आहे. अभियंत्याची उद्यम नोंदणी असेल तर लेखी करारातली मुदतही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. पण पहिल्या भेटीनंतर आठवड्यात ही नोटीस पाठवणे शहाणपणाचे नाही. तिने दोन ओळींचे पत्र दिले : अहवाल सहीसाठी तयार आहे, ठरल्याप्रमाणे उरलेली रक्कम मिळताच देईन, वर्ग सी-२ए असेल.

दादांनी दुसऱ्या अभियंत्याला बोलावले. हा त्यांचा हक्क होता. तिने त्या अभियंत्याला स्वतःहून चाचण्यांची वाचने, कोअरच्या जागांचा नकाशा आणि प्रयोगशाळेच्या प्रती दिल्या, त्यांची पोच घेतली आणि त्याची एक प्रत सोसायटीच्या आवकमध्ये नोंदवली. त्यानंतर त्या अभियंत्याला सी-२बी लिहायचे असते तर आधी हे सगळे आकडे चुकीचे ठरवावे लागले असते. दहाव्या दिवशी दादांच्या दुकानातला मुलगा नऊ हजार सहाशेचा चेक घेऊन आला. सोबत निरोप होता की, सभा रविवारी अकराला आहे, मॅडमनी यंत्र घेऊन यावे, लोकांना गुलाबी रंग बघायचा आहे.